द्यायची…

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी घरात जरा गडबड होती. ती माझ्याच मनगटामुळे झाली, तेव्हा आज तिचीच हकीकत.

माझ्या पंचाहत्तरीला मुलाने स्मार्टवॉच दिलं. फोन दुसऱ्या खोलीत असला तरी मेसेज आला की मनगट थरथरतं आणि दोन-चार ओळी दिसतात. माझ्या घड्याळात एका ओळीत मोकळ्या जागा धरून पंधरा-सोळा अक्षरं मावतात, आणि ओळी चार. म्हणजे साठ-पासष्ट अक्षरं झाली की तीन टिंबं आणि खेळ खलास. बाकीचं फोनवर जाऊन वाचायचं.

गोष्ट ऑक्टोबर २०२५ मधली. सौ.ची पोटाची सोनोग्राफी मंगळवारी १४ तारखेला होती. सोमवारी रात्री पावणेअकराला आमच्या मृणालचा ठाण्याहून मेसेज आला. फोन बाहेर चार्जिंगला, मी अंथरुणात. घड्याळात वाचलं :

"बाबा, नमस्कार. काल डॉक्टरांशी बोलले. उद्या आईची सोनोग्राफी आहे ना, तर सकाळी तिला शुगरची गोळी द्यायची…"

समजलं, म्हणून झोपलो. सकाळी हिने विचारलंसुद्धा, "अहो, उपाशी जायचंय ना? मग गोळी घेऊ का?" मी मास्तरी आवाजात म्हटलं, "घे. मृणालने कळवलंय, द्यायची म्हणून." पुरावा म्हणून मनगट पुढे केलं! तिने साडेसहाला पाण्याबरोबर गोळी घेतली. साडेसातला पोचलो, पण नंबर लांबला. नऊच्या सुमारास हिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. तिथल्या मदतनीस बाईंनी बोटाला टोचून पाहिलं तर साखर ५८. ताबडतोब ग्लुकोजचं पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत ती सावरली, पण सोनोग्राफी राहिली आणि माझे पाय बराच वेळ लटपटत होते. हिची गोळी नाश्त्याआधीची. पोटात अन्न गेलं नाही तरी ती आपलं काम करून साखर उतरवत राहते, म्हणून तर डॉक्टरांनी ती नको म्हणून सांगितलं होतं.

घरी येऊन फोन उघडला. पुढचे शब्द होते : "नाही असं ते म्हणाले."

द्यायची नाही.

सदतीस वर्षं मराठी शिकवलं, पण आपल्या भाषेची ही खोड अशी अंगावर आली नव्हती. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुधा त्याच्याही मागे : देऊ नका, जायचं नाही, येणार नाही. इंग्रजीत 'डोन्ट' आधी येतो, त्यामुळे शेपूट कापलं तरी नकार वाचतो. आपल्याकडे शेपटातच जीव. बरं, 'द्यायची' वर कापलेलं वाक्य अर्धवट वाटतही नाही. टिंबं होती, पण ती चष्म्याशिवाय दिसायला हवीत ना.

मग मी मृणालला फोन करून तिचाच मेसेज पुन्हा लिहायला बसवलं. (बिचारी आधीच रडवेली झाली होती. "बाबा, मी तर नीट लिहिलं होतं हो." लिहिलं होतंच.) मला आधी सारांशलेखन आठवलं, पण त्याचा उपयोग होईना. सारांशात मूळ मजकूर एक तृतीयांश करायचा, पण मुद्द्यांचा क्रम बहुधा तोच ठेवायचा. म्हणजे नकार पुन्हा शेवटीच. तारेचंही तेच. जुलै २०१३ मध्ये बंद होईपर्यंत तार शब्दांच्या पैशांसाठी आखूड लिहायचो, पण मिळणाऱ्याला ती पूर्ण मिळायची. इथे लांबी कमी करणं हे दुय्यम काम आहे. आधी वाक्य उलटं करायला हवं.

शेवटी हे ठरलं :

"गोळी नको आईला. मंगळ १४, सकाळी ७:३० सोनोग्राफी. उपाशी, पाणी चालेल."

तीन ओळींत बसतं. आणि मी कापूनही पाहिलं. एका ओळीनंतर कापलं तरी 'गोळी नको आईला' हातात राहतं. दोन ओळींनंतर कापलं तर वारही राहतो. कुठेही कात्री लागली तरी उरलेलं खोटं बोलत नाही, हीच आमची परीक्षा. मृणालच्या मूळ मेसेजला ती लावली तर तो नेमका नको तिथे नापास होतो.

'उद्या' काढून वार-तारीख का घातली? घड्याळ फोनपासून लांब गेलं की जोडणी तुटते आणि मेसेज नंतर येतो. रात्रीचा 'उद्या' सकाळी वाचला की एक दिवस पुढे सरकतो. मुलगा न्यू जर्सीहून रात्री नऊला 'उद्या सकाळी' लिहितो, तेव्हा ऑक्टोबरात इथे ती सकाळ साडेसहापर्यंत उजाडलेली असते. आणि 'सकाळी' पूर्णच लिहायचं. आपण 'स.' आणि 'सं.' लिहितो. त्यातल्या अनुस्वाराचा तो ठिपका इतक्याशा काचेवर दिसला तर दिसला. दोन अक्षरं वाचवायला गेलो तर बारा तासांची चूक पदरात पडायची.

पाठवणाऱ्याची भानगड मात्र माझ्या फोनमध्ये निघाली. घड्याळ नाव दाखवतं ते आपण फोनमध्ये साठवलेलं. मी मोठ्या हौसेने 'चि. सौ. मृणाल ठाणे' आणि 'चि. सौ. केतकी न्यू जर्सी' असं साठवलेलं, आणि वरच्या बारीक ओळीत दोघींचंही दिसायचं 'चि. सौ.…'. लेक की सून, कळायचं नाही. आता नुसतं मृणाल, नुसतं केतकी. आशीर्वाद मनात. घरच्या ग्रुपवर मात्र वरच्या ओळीत ग्रुपचंच नाव येतं, म्हणून कामाचा निरोप ग्रुपवर टाकायचा नाही. आणि दुसऱ्याचं सांगणं पुढे पाठवायचं असेल तर आरंभी 'डॉक्टर :' लिहायचं. नाहीतर नाव जावईबापूंचं दिसतं आणि सल्ला कुणाचा ते कळत नाही.

एका गोष्टीत आम्ही फसलो. मृणालने उत्साहाने प्रत्येक सूचना वेगळ्या मेसेजमध्ये पाठवली, एकापाठोपाठ चार. माझ्या घड्याळाने त्यांची मोळी बांधली आणि शेवटचा तेवढा वर ठेवला : "आणि फाइल विसरू नका." गोळीचं खाली गाडलं गेलं. तेव्हा एक काम, एक मेसेज. गोळ्यांची नावं, किती मिलिग्रॅम, असलं काही असेल तर ते घड्याळात कोंबायचंच नाही. पुढे 'फोनवर वाचा' लिहायचं आणि मी उठून जाऊन वाचायचं. हे कलम माझ्यासाठी आहे.

सौ.ला हे सगळं फारसं रुचलं नाही. "लेकीचा मेसेज आहे की पोलीस ठाण्यातली नोंद? ना नमस्कार, ना कशी आहेस." तिचंही खरं. मग मृणालने तोडगा काढला. कामाचं आधी, मग एक ओळ सोडून गप्पा हव्या तेवढ्या. त्या घड्याळात दिसत नाहीत, फोनवर दिसतात आणि त्या आई वाचते.

सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात झाली, काळजीचं काही निघालं नाही. आदल्या रात्री मनगट थरथरलं तेव्हा हिने अंधारातूनच विचारलं, "कुणाचा?"

"मृणालचा. गोळी नको."

"फोन बघून या."

उठलो, चष्मा लावला आणि बाहेर जाऊन बघून आलो.