घाटात गाडी कोण धरतं?

शनिवारी सकाळी मुंबईहून पुण्याला निघालं की खोपोली सोडल्यावर बोरघाटाच्या चढावर रांग भेटतेच. गाडीभर पुढे सरकायचं, थांबायचं, परत सरकायचं. इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा वाटलं, क्लच गेला म्हणजे घाटातली कटकटही गेली. पण चढावर थांबलेली गाडी कुणीतरी धरून ठेवावी लागतेच.

माझ्या गाडीत क्रीप चालू असलं की ब्रेकवरून पाय उचलताच मोटर थोडा जोर लावते आणि गाडी माणसाच्या चालीने पुढे निघते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये याच्याइतकं सोयीचं काही नाही. चढावर मात्र तो बेताचा जोर उघडा पडतो. सोळाशे किलोची गाडी घ्या. वीस फुटांत एक फूट चढ असला, तरी तो तिला सुमारे ८० किलो वजनाइतक्या जोराने मागे ओढतो. दहा फुटांत एक फूट असला तर १६०. क्रीप तेवढं पुरलं नाही की गाडी जागच्या जागी घुटमळते, मग हळूच मागे सरकू लागते. समोर बघत राहिलं तर हे पटकन लक्षात येत नाही. बाजूचा कठडा पुढे जाताना दिसला की समजावं. हिल असिस्ट ब्रेक धरतो, पण काही सेकंदच.

एकदा मेहुणा चालवत होता. त्याचा पाय हाफ क्लचवर घडलेला, त्यामुळे ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून तो गाडी चढावर तोलून धरायचा. "बघा दाजी, जागची हलत नाही!" हलत नव्हती, पण मोटरला ते सोसत नाही. मोटर फिरत असते तेव्हा विजेचा भार तिच्या तिन्ही वेटोळ्यांवर आळीपाळीने पडतो. ती जोर लावून उभीच राहिली, तर भार तिथल्या तिथे साचतो. वेटोळं तापतं, त्याला वीज देणारा इन्व्हर्टरही तापतो. फार वेळ असं चाललं, तर गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते, तीही ऐन चढावर.

क्रीपऐवजी होल्डवर ठेवलं की गाडी धरायचं काम चाकांच्या ब्रेककडे जातं. गाडी थांबली की ब्रेक आवळले जातात, पडद्यावर खूण उमटते आणि मोटर मोकळी होते. पाय उचलून बसता येतं. मागचे ब्रेक लाइट पेटलेलेच राहतात, त्यामुळे मागच्या ट्रकवाल्यालाही कळतं. निघताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मोटरचा जोर आधी भरतो, मगच ब्रेक सुटतात. मागे ओघळायला वावच उरत नाही.

उतारावर हिशेब निराळा. तिथे वेग आवरायचं काम मुख्यतः रीजनकडे असतं आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर रीजनची वीज घ्यायला तिच्यात जागा नसते. पाय उचलूनही गाडी नेहमीसारखी आवरत नाही. म्हणून परतताना लोणावळ्यात चार्जिंगला लावली, तरी मी ८० टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. मागे रांगेत उभा असलेला खूश होतो, ते वेगळंच.