विरजण

आमच्या नानी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई. शाळेची पायरी न चढलेली बाई. पण गावात कुणाच्या पोटात काय दुखतंय हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायांनाच आरोग्याचं शिकवलं. बाई कोणती ते गावानं ठरवायचं. पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी दर आठवड्याला जामखेडला जाऊन त्या शिकायच्या आणि परत येऊन घरोघर हिंडायच्या. आमच्या नानी त्यातल्या एक. पुढं 1979 मध्ये आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नानींना त्या पुरस्काराचं नाव शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, पण मान ताठ व्हायची ती व्हायचीच.

2010 साली मी आशा झाले, तेव्हा नानी थकल्या होत्या. मी नवी वही, नवा डबा, नवी साडी घेऊन निघायचे आणि तोंड पाडून परत यायचे. बाया बोलायच्याच नाहीत. "काही त्रास?" "न्हाई." "ताप?" "न्हाई." "अंगावरून जास्त जातंय का?" "न्हाई ताई, सगळं बरंय." वहीत बरोबरच्या खुणा भरत जायच्या, आणि चार दिवसांनी तीच बाई जीपमध्ये आडवी घालून नेलेली दिसायची.

नानी म्हणाल्या, "तू फौजदारावानी इचारतीस. तुझं काय ते आधी सांग की. चमचाभर. दुधाला इरजान लावतेस का न्हाई? तसं."

मला वाटलं, सोपं आहे. लगेच दुसऱ्या दिवशी एका बाईकडं गेले. तिचे पाच महिन्यांचे दिवस नुकतेच गेले होते. तिच्यापुढं मी माझं सगळं काढलं. माझंही असंच गेलं होतं, सासूबाई काय बोलल्या, मालक कसे बोलेनासे झाले, मी विहिरीपर्यंत कशी जाऊन आले. सांगता सांगता मलाच रडू आलं. ती बिचारी उठली, मला पाणी दिलं, चहा टाकला, पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यावर ध्यानात आलं की तिनं स्वतःचा एक शब्द काढला नव्हता. तिला जागाच कुठं राहिली?

नानी हसल्या. "अगं, वाटीभर दही घातलं तर दूध नासंल न्हाई तर काय! एक गोष्ट सांगायची, एका दमात संपंल येवढी. खरी पायजे. अन् आपलीच पायजे, वरच्या आळीतल्या कुणाची न्हाई. दुसरीचं सांगितलं की समोरची मनात म्हणती, उद्या माझंबी असंच सांगंल. आन् सांगून झालं की तोंड मिटायचं." हे तोंड मिटायचं सगळ्यात अवघड, ते मला जमायला दोन-तीन वर्षं लागली.

मग ती दिवाळीनंतरची गोष्ट. गावात एका पोरीचं दुसरं बाळंतपण झालं. दुसरीही मुलगीच. आई नाही, म्हणून माहेरी गेली नव्हती. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आम्ही सहा वेळा जातो: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं. सातव्या दिवशी गेले तर खोलीत ओवा-बाळंतशेपाची धुरी इतकी की डोळे चुरचुरले. बाळाचं वजन केलं, नाळ कोरडी होती. आईचा ताप बघितला, थर्मामीटरवर बरोबर उतरला. विचारलं ते सगळं विचारलं. "न्हाई, न्हाई, बरंय." सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, अर्धी उत्तरं त्याच देत होत्या.

कागदावर काहीच वावगं नव्हतं. पण पोरगी बाळाला पाजताना डोळे मिटून घेत होती आणि ओठ पांढरे पडले होते. मी सासूबाईंना म्हटलं, "मावशी, हात धुवायला गरम पाणी मिळंल का?" हात मी आधी धुतलेच होते. त्या चुलीकडं गेल्या. तेवढ्यात मी बाळाची दुपटी घड्या करता करता म्हटलं, "माझ्या थोरलीच्या वेळंला मी माझी फडकी गोठ्यामागं वाळत टाकायचे बघ, कुणाला दिसू नयेत म्हणून. ऊनच लागायचं न्हाई तिथं. ओलसरच परत घ्यायचे."

आणि गप्प बसले. घड्या घालत राहिले. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं की परत फौजदार.

बराच वेळ गेला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझी बी गोठ्यातच हायती ताई." आणखी थोड्या वेळानं, "पण धुतली तरी वास जात न्हाई."

मग एकेक निघालं. चौथ्या दिवसापासून अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत होता. ओटीपोटात दुखत होतं. रात्री हुडहुडी भरायची. ताप उतरावा म्हणून किराणा दुकानातली गोळी चालू होती आणि मी यायच्या तासभर आधीच घेतली होती. म्हणून थर्मामीटर खोटा ठरला. आणि धुरी बाळासाठी नव्हतीच, वास झाकायला होती. सासूबाईंना माहीत नव्हतं असं नाही. "दुसरी बी पोरगीच, आन् वर दवाखान्याचा खर्च," एवढंच ती बोलली.

मला फडक्यांचाच संशय होता. पण वास, ताप आणि ओटीपोटातलं दुखणं एकत्र आलं की आशानं डोकं चालवायचं नसतं, हलवायचं असतं; विष रक्तात भिनलं तर बाई एक-दोन दिवसांत हातची जाते. पाणी घेऊन आलेल्या सासूबाईंना मी सुनेचं नाव पुढं न करता सांगितलं, "मावशी, मला लक्षण बरं दिसत न्हाई, आत्ताच न्यायचं. 102 ची गाडी फुकट येती." फुकट म्हटल्यावर त्या नरमल्या. तालुक्याला तपासलं, तिथून नगरला पाठवलं. वारेचा तुकडा आत राहिला होता. तो काढला, सुयांमधून औषध चाललं, आणि आठव्या दिवशी ती घरी आली.

माझी फडक्यांची गोष्ट मात्र गावभर झाली. कुणी पसरवली ते सांगत नाही, पण पिठाच्या गिरणीवर एकीनं मला विचारलंच, "काय आशाताई, गोठ्यामागं ऊन येतंय का आता?" सगळ्या हसल्या. मालकांच्याही कानावर गेलं, दोन दिवस ते माझ्याशी जेवणापुरतंच बोलले. नानींना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणून तर म्हणलं, गावात फिरली तरी सोसंल तीच सांगायची." हे आधी का नाही सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर चिडलेच.

बेचाळिसाव्या दिवशी शेवटच्या भेटीला गेले. पोरगी अंगणात बाळाला तेल लावत होती. गच्चीवर तारेला, भर उन्हात, तिची फडकी वाळत होती, रस्त्यावरून दिसतील अशी. सासूबाई उंबऱ्यातच होत्या. मला बघून म्हणाल्या, "पाणी तापवू का?" आणि सून आहे तिथंच ठेवून मलाच आत घेऊन गेल्या. चुलीपुढं बसल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मला बी एक इचारायचंय. खोकला आला की लुगडं वलं होतंय गं माझं."