रांग रिकामी, तरी काम 'ठीक'

मंडळी, चूक माझी आहे, म्हणून इथेच सांगतो. आपल्या चेण्याच्या पेजवर रोज सकाळी ८ वाजता पडणारी पोस्ट मी हाताने टाकत नाही. महिन्याभराच्या पोस्ट शीटमध्ये लिहून ठेवतो आणि प्रोग्राम त्या दिवसाची ओळ शोधून टाकतो. ओळी ३१ मेपर्यंतच होत्या. जूनमध्येही प्रोग्राम रोज चालला, ओळ सापडली नाही, गुपचूप थांबला. नोंदीत मात्र `exit 0`, म्हणजे काम ठीक. बिघाड झाला की मला मेल येतो. पण काहीच न सापडणं हा त्याच्या लेखी बिघाड नव्हता.

नवव्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "अरे, नदीत उतरू नका असं दरवर्षी टाकतोस, यंदा विसरलास काय?" पाऊस तर सुरूही झाला होता.

आता ७ पेक्षा कमी पोस्ट उरल्या की मेल येतो, आणि रांग रिकामी असेल तर `exit 1`. पण मशीनच बंद पडलं तर मेलही येणार नाही. म्हणून सकाळी पोस्ट दिसली नाही, तर मला हाक मारा. आणि हो, वर डोंगरात पाऊस असेल तर नदीत उतरू नका. इथे ऊन असलं तरी पाणी अचानक वाढतं.