पाणी सोडून भराव बसत नाही

कोल्हापूरच्या कळंब्यात उताराच्या जागेवर घर बांधायचं म्हणजे भराव आलाच. रस्त्याकडून जोतं फूटभर दिसतं आणि मागच्या बाजूला तेच जोतं पाच फुटांवर जातं, कारण बऱ्याच प्लॉटची जमीन मागे उतरत गेलेली असते. त्या पाच फुटांत मुरूम भरायचा, वरून पाण्याची मोटर लावायची, जोतं काठोकाठ भरून टाकायचं आणि शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्यायचा. या परिसरात घरं बांधताना मी हेच शिकलो आणि बरीच वर्षं घरमालकांना हेच सांगत आलो. आज मी तसं सांगत नाही. मत का बदललं, ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण जुनं मत चुकीच्या माणसांकडून आलेलं नव्हतं. ज्यांच्या हातची घरं अजून सरळ उभी आहेत अशा मिस्त्र्यांचं ते मत होतं.

त्यांचा अनुभव खोटा नव्हता, पण तो बऱ्याच अंशी वाळूचा होता. नदीची वाळू मुबलक मिळत होती तेव्हा फरशीखाली वाळूचा जाड थर असायचा. वाळूत पाणी सोडलं की ते झपकन खाली निथळतं आणि जाताना बारीक कण मोठ्या कणांच्या फटीत नेऊन बसवतं. डब्यातली ज्वारी हलवली की जशी खाली बसते, तशीच वाळू पाण्याने बसते. मुरमाचं तसं होत नाही. आपल्याकडचा मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड. त्यात खडे असतात, भुकटी असते आणि मातीचा चिकट अंशही असतो. असा मुरूम पाच फूट एकदम ओतून वर पाणी सोडलं, तर वरचा थर फुगून चिखल होतो, त्याची भुकटी फटी बुजवते आणि खाली जाणारं पाणी मंदावतं. बाकीचं पाणी मोठ्या ढेकळांमधली मोकळी वाट धरून थेट तळाला जातं. मधला भराव कोरडाच राहतो.

हे मी तर्काने सांगत नाही. एका घराच्या मागच्या खोलीतली फरशी तीन वर्षांनी भिंतीपासून सुटली, तेव्हा दुरुस्तीसाठी कोबा फोडून आम्ही खाली खणलं. तो भराव पाणी सोडून आणि एक अख्खा पावसाळा उघडा ठेवून बसवलेला होता. वरचा फूटभर मुरूम पहारीला दाद देत नव्हता. त्याखाली मात्र हाताने उकरता येईल असा भुरभुरीत, कोरडा मुरूम लागला आणि त्यात मुठीएवढ्या ढेकळांमध्ये बोट जाईल अशा पोकळ्या होत्या. कोल्हापूरचा पावसाळा काही कमी नसतो. तरी त्याचं पाणी वरून फूटभर मुरूम ओला करून बाजूने निघून गेलं होतं. पुढे स्लॅब पडला, घर झाकलं गेलं आणि खालचा भराव तसाच कोरडा राहिला. मग संडासाच्या पाइपचा एक सांधा झिरपू लागला. कोरड्या, सैल मुरमातले कण मातीच्या पातळ पुलांनी एकमेकांना धरून असतात. पाणी लागताच ते पूल विरघळतात आणि भराव एकाएकी खाली येतो. त्या खोलीत नेमकं हेच झालं होतं.

किती खाली येतो, याचं गणित साधं आहे. भरावाची घनता तीन टक्क्यांनी वाढली तर त्याची उंची जवळपास तितक्याच टक्क्यांनी कमी होते. पाच फूट म्हणजे साठ इंच, त्याचे तीन टक्के म्हणजे पावणेदोन इंच. त्याच घरात रस्त्याच्या बाजूला भराव एकच फूट आहे, तिथे हाच हिशेब जेमतेम तीन सूत येतो. म्हणजे एकाच हॉलची एक बाजू तीन सूत आणि दुसरी पावणेदोन इंच बसायला निघते. मधली फरशी फुटणारच. आणि सैल ओतलेल्या मुरमात तीन टक्के ही फार सावध धरलेली वाढ आहे.

मला सर्वात जास्त विचार करायला लावलं ते केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशील-पुस्तकाने. भराव पूर्ण झाल्यावर त्यावर किमान चोवीस तास पाणी भरून ठेवावं, असं त्यात आहे आणि त्याचाच आधार मी वादात देत असे. पण तिथे आधीची अट अशी आहे की भराव वीस सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे आठ इंचांपेक्षा, जाड थरात घालायचा नाही आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोकायचा. चोवीस तासांचं पाणी त्यानंतर येतं, आणि ते वाळल्यावर पुन्हा एकदा ठोकायला सांगितलं आहे. पाणी ही शेवटची तपासणी आहे. आम्ही मधलं काम गाळून तिलाच सगळं काम समजत होतो.

पाणी नेमकं किती हवं, याचं उत्तर 1933 मध्ये राल्फ प्रॉक्टर या लॉस एंजेलिसच्या अभियंत्याने मातीच्या धरणांवर काम करताना दिलं. त्याची चाचणी आजही आपल्या भारतीय मानकात आहे. एक लिटरच्या साच्यात माती तीन थरांत भरायची, 2.6 किलोचा ठोकळा एकतीस सेंटीमीटरवरून दर थराला पंचवीस वेळा टाकायचा आणि पाणी वाढवत वाढवत हेच पुन्हा करायचं. कोरड्या मातीचे कण एकमेकांना घासून अडतात म्हणून ती दबत नाही. थोडं पाणी घातलं की कण सरकतात आणि घनता वाढते. पण एका मर्यादेपुढे फटींत पाणीच भरून राहतं. पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे ठोकलं तरी घनता उलट कमी होते. जोतं काठोकाठ भरणं म्हणजे ही मर्यादा ओलांडून खूप पुढे जाणं. मुरमासाठी हे योग्य पाणी बहुधा वजनाच्या दहा ते चौदा टक्क्यांच्या आसपास येतं. साइटवर मी मूठ वळून पाहतो. मुरमाची मूठ वळली, तळहात ओला झाला नाही आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर ती दोन-तीन तुकड्यांत फुटली, तर पाणी बरोबर आहे. भुगा झाला तर कमी, चेपटून पडली तर जास्त.

ठोकण्याबद्दलही मत बदलावं लागलं. जेसीबीच्या बकेटने थापटणं किंवा डंपरचं चाक दोनदा फिरवणं याला मी आता ठोकणं मानत नाही. चाकाखालची पट्टी दबते, शेजारची सैल राहते. खडेदार मुरमाला प्लेट कॉम्पॅक्टर चालतो, माती जास्त असेल तर उड्या मारणारा रॅमर लागतो, आणि दोन्हींसाठी सैल थर सात-आठ इंचांचाच हवा. जिथे यंत्र पोचत नाही तिथेच फरशी आधी बसते: कॉलमच्या भोवती, प्लिंथ बीमला लागून, कोपऱ्यात आणि ड्रेनेजच्या चरीवर. तिथे हातातली धुम्मसच घ्यावी लागते आणि बिगारी कंटाळतात ते नेमकं तिथेच. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्या विटांच्या किंवा दगडी जोत्याला लागून जड यंत्र जोरात चालवलं तर भिंत बाहेर फुगते. बांधकाम पुरेसं मुरलेलं असावं आणि बाहेरची मातीही आतल्याबरोबर वर आणत जावी.

मुरूम किती आला, यावरूनही बरंच कळतं. त्या घराचं हॉल आणि मागची खोली मिळून बारा बाय वीस फूट क्षेत्र होतं, भराव पुढे एक आणि मागे पाच, म्हणजे सरासरी तीन फूट. सातशे वीस घनफूट, सव्वासात ब्रासला किंचित कमी. मुरूम नीट दाबायचा तर तो सैल मापाने जागेच्या सव्वापट तरी लागतो, म्हणजे नऊ ब्रास. तिथे बिलावर साडेसात ब्रास होता. भराव कधीच दाबला गेला नव्हता, हे त्या एका आकड्यात लिहिलेलं होतं. आता मी कोणाच्याही साइटवर गेलो की आधी ब्रास विचारतो. मग बारा एमएमची सळई हाताने भरावात दाबून पाहतो. ती सहज फूटभर गेली तर पुढे काही बोलायची गरज उरत नाही. मोठं काम असेल तर थराचं वाळू भरून घनता मोजण्याचं परीक्षण करून घ्यावं आणि प्रयोगशाळेतल्या घनतेच्या पंच्याण्णव टक्के मागावेत. खडे असल्यामुळे मुरमात कोअर कटर नीट घुसत नाही, म्हणून वाळूचीच पद्धत बरी.

काही लोक पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी मातीच पुन्हा जोत्यात ढकलतात. तिला कितीही नीट ठोकलं तरी उपयोग नाही, कारण ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. फरशीचं दुखणं कुठलं, ते काही खुणांवरून ओळखता येतं. स्कर्टिंग भिंतीला चिकटलेली आहे, तिच्याखाली फट पडली आहे आणि भिंतीत तडा नाही, तर भराव बसला आहे, पाया नाही. टाइलवर नाण्याने वाजवल्यावर पोकळ आवाज येणं हेही त्याचंच लक्षण, पण चिकटवण्यात कसूर असली तरी तसाच आवाज येतो, म्हणून फटीवर जास्त विश्वास ठेवावा. उलट, पावसाळ्यात खोलीचा मध्य वर उचलला जात असेल तर खाली काळी माती आहे. भिंतीलाच तिरका तडा असेल तर मात्र फरशी सोडा आणि पायाकडे पाहा.

एका बाबतीत मी आणखी पुढे गेलो आहे. भराव पाच-सहा फुटांच्या वर जात असेल तर मी आता भरावावर फरशी टाकण्याचा आग्रह धरत नाही. प्लिंथ बीमवर पातळ आरसीसी स्लॅब टाकून त्यालाच फरशीचा भार घेऊ द्यावा. खर्च वाढतो, पण इतक्या खोल भरावातला प्रत्येक थर ठोकला गेला का, हे घरमालकाला नंतर कोणी दाखवू शकत नाही. कोब्यात जाळी टाकली की भागतं, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जाळी बारीक तडे आवरते, पण खालून जमीन सुटल्यावर तीन इंचांचा कोबा तोलून धरणं तिच्या आवाक्यात नाही.

तुम्ही घर बांधत असाल तर स्लॅबच्या दिवशी गावजेवण घालता, नारळ फोडता, सगळं घर साइटवर असतं. भरावाच्या दिवसांतही तसेच हजर राहा. मिस्त्रींना थराची जाडी विचारा, प्लिंथ बीमवर आत आठ-आठ इंचांच्या खुणा खडूने मारून घ्या आणि मागच्या खोलीचे कोपरे धुम्मसने ठोकले जाताना स्वतः तिथे उभे राहा.