चवदार तळ्याचा फॉरवर्ड आणि आमची चूक

मार्च महिना. आंबेनळी घाट उतरून आम्ही पोलादपूरला आलो, रेंज आली आणि एकच मेसेज सात ग्रुपवरून धडाधड पडला. वरती दोन बाण, म्हणजे तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलेला. मजकूर असा: "२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी कायदा मोडून चवदार तळं खुलं केलं, त्याच दिवशी मनुस्मृती जाळली, आणि १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली. जय भीम. दहा जणांना पाठवा." आम्हीही पाठवला, दरवर्षीसारखाच. कॉपी-पेस्ट करून पाठवला, त्यामुळे ते दोन बाणही गळून पडले आणि मेसेज आमचाच वाटू लागला.

संध्याकाळी बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "दादा, सुप्रीम कोर्ट तर १९५० ला सुरू झालं ना?" समाजशास्त्रात एमए केलेले आम्ही, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. महाड आमच्या दाराशी आहे, एवढ्यावरच आम्ही विसंबून होतो.

मग एकेक वाक्य सुटं करून तपासायला बसलो. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडांपैकी १७व्या खंडाच्या पहिल्या भागात महाडचा लढा आहे. हायकोर्टाचा निकाल 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' या नावाने इंटरनेटवर मिळतो. मनुस्मृतीचं लगेच सुटलं. ती जाळली २५ डिसेंबर १९२७ ला, महाडच्याच दुसऱ्या परिषदेत. दोन्ही घटना महाडच्या, वर्षही एकच, म्हणून मेसेजने नऊ महिन्यांचं अंतर गिळून टाकलं.

'कायदा मोडून' हे दोन शब्द मात्र आम्हाला फार जड गेले. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर केला होता: सरकारी पैशाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्चला आपले लोक तळ्यावर गेले ते मिळालेला हक्क वापरायला. ठराव कागदावर होता, तो पाळत नव्हते सवर्ण. 'कायदा मोडला' असं म्हणताना आपणच आपल्या माणसांना गुन्हेगार ठरवतो आणि त्यांना अडवणाऱ्यांना कायद्याचे राखणदार करतो. कौतुकाच्या भरात हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

शेवटचं वाक्य सर्वात गोड, म्हणून सर्वात धोक्याचं. १७ मार्च १९३७ चा निकाल मुंबई हायकोर्टाचा आहे. तळं फक्त सवर्णांनी वापरायचं ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा वादींचा दावा होता. ती रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही, म्हणून अपील फेटाळलं गेलं. आपण जिंकलो, पण अस्पृश्यता बेकायदा ठरली नाही. त्यासाठी संविधानाच्या १७व्या कलमाची वाट पाहावी लागली. ग्रुपवरचा एक कार्यकर्ता चिडला, "विरोधकांना आयतं कोलीत कशाला देता?" आमचं म्हणणं उलट आहे. खोटं वाक्य विरोधकाने पकडलं की तो त्याच्याबरोबर उरलेली खरी वाक्यंही फेकून देतो.

शिवाय महाडनेच अफवेची किंमत मोजली आहे. तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले आणि गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. कोणी तपासलं नाही. जमाव लाठ्या घेऊन मंडपावर आला आणि जेवत असलेल्या माणसांना झोडपलं. त्या पिढीच्या डोक्यात फुटलेली अफवा आठवत असताना आम्ही न वाचता फॉरवर्ड करत होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही नवी पोस्ट लिहिली. उपस्थितांचा आकडा वेगवेगळ्या लेखनात वेगवेगळा सापडला, म्हणून 'हजारो' एवढंच ठेवलं. मेसेजच्या शेवटी बाबासाहेबांच्या नावावर एक वाक्य होतं. खंडात ते सापडेना, म्हणून गाळलं.

"१९२३ आणि १९२४ च्या ठरावांनी चवदार तळं आपल्यासाठी खुलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह हजारो जण तिथे पाणी प्यायले. मंदिरप्रवेशाच्या अफवेवरून त्यांच्यावर हल्ला झाला. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला जागा दिली ती फत्तेखान यांनी, तिथे मनुस्मृती जाळली. कोर्टाच्या मनाईमुळे तेव्हा तळ्यावर जाता आलं नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात आपण जिंकलो. आधार: १७वा खंड, भाग १ आणि हायकोर्टाचा निकाल."

दहा जणांना पाठवा, असं लिहिलं नाही. ज्या सात ग्रुपवर चूक पाठवली होती, तिथेच ही पोस्ट टाकली आणि वर लिहिलं, "कालचा आमचा मेसेज चुकीचा होता." पुढे ती फारशी गेली नाही. पण त्या बारावीच्या मुलीचा मेसेज आला: "फत्तेखान कोण? त्यांनी जागा का दिली?" आता आम्ही ते शोधतोय.