क्रियापदांची साक्ष

पाठ्यपुस्तकातील अन्याय बहुधा शिवराळ शब्दांत नसतो. तो क्रियापदांत दडलेला असतो. 'जगातील धर्म' या शालेय पाठाचा कच्चा खर्डा नुकताच माझ्याकडे तपासणीसाठी आला, तेव्हा हीच गोष्ट मनात ठसली.

पाठात लिहिले होते, 'येशू मरणानंतर तिसऱ्या दिवशी उठला,' आणि पुढल्याच पानावर, 'मुहंमदांना देवदूत दिसल्याचा भास झाला.' एका धर्माची श्रद्धा इतिहास म्हणून मांडली होती, तर दुसऱ्याची भ्रम म्हणून. मी समासात लिहिले, 'दोहोंना एकच माप लावावे,' आणि खाली पर्यायी वाक्ये दिली : 'येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. इ. स. ६१० च्या सुमारास जिब्रील या देवदूताकरवी मुहंमदांना ईश्वरी संदेश मिळू लागला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे.'

'उठला'चे 'उठले' मी हेतुपूर्वक केले. मराठी बायबलात येशूविषयी एकवचन येते, आपणही विठोबाला 'तो' म्हणतो. ती भक्ताची सलगी होय. परंतु पाठात बुद्ध 'गेले', महावीर 'गेले' आणि येशू मात्र 'गेला', असे झाले की त्या सलगीचा अर्थ उणेपणा होतो.

मात्र सर्वत्र 'श्रद्धा आहे' हे शेपूट जोडणे हाही उपाय नव्हे. येशूंना रोमन अधिकारी पिलात याच्या अमदानीत क्रूसावर चढविण्यात आले, हे इतिहासकार सामान्यतः मान्य करतात. तेथे 'श्रद्धा' लिहिणे म्हणजे इतिहासाला उगाच संशयित ठरविणे होय.

याउलट 'महावीरांनी जैन धर्म स्थापन केला' हे सरळसोट वाक्यच चुकीचे होते. जैन परंपरेत महावीर चोविसावे तीर्थंकर आहेत. त्यांचे मातापिता तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ यांचे अनुयायी होते, असे आचारांगसूत्रात सांगितले आहे. पार्श्वनाथ ही ऐतिहासिक व्यक्ती असावी, असे अनेक संशोधकही मानतात. म्हणून मी सुचविले : 'जैन परंपरेनुसार महावीर हे चोविसावे तीर्थंकर, त्यांनी पूर्वीपासून चालत आलेल्या धर्ममार्गाचा उपदेश केला.' 'पारशी अग्निपूजक आहेत' याऐवजी 'पारशी लोक पवित्र अग्नीसमोर अहुर मज्दाची प्रार्थना करतात' असे घातले.

अशा पाठाची माझी कसोटी साधी आहे. त्या धर्माचे मूल वर्गात बसले असता त्याला वाक्य ऐकून 'हे आमच्याविषयी नाही' असे वाटू नये. आणि शेजारच्या बाकावरील मुलाला तीच गोष्ट बळेच सत्य मानावी लागू नये. पण कोणाचे मन राखण्यासाठी सिद्ध घटना गाळू लागलो, तर तो पाठ दोघांचीही फसवणूक करील.