बादली आणि खडू

मैंदर्गीतल्या त्या प्लॉटवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मालकांनी नकाशा पाहायच्या आधीच सांगून टाकलं, "साहेब, गच्चीवर वीस हजार लिटरची टाकी पाहिजे. वर पाणी असलं की माणूस निवांत झोपतो." मधल्या आळीतलं त्यांचं जुनं घर पाडून पार्किंगवर तीन मजले उभे राहणार होते, मजल्याला चार फ्लॅट. अक्कलकोट तालुक्याच्या या टोकाला कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात येतात. त्यांच्या आईने दारातूनच विचारलं, "नीरु इल्ला म्हणून बोंबलतात सगळे, तुम्ही मोजून काय करणार?"

मोजायचं काय, हा प्रश्न रास्त होता.

वापराचा आकडा काढणं सोपं आहे. फ्लॅटमागे पाच माणसं धरली की बारा फ्लॅटांत साठ होतात. फ्लशचे संडास असलेल्या घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हा प्रमाण आकडा, म्हणजे ८,१०० लिटर. भुयारी गटार नसलेल्या गावाची पाणीयोजना आखताना माणशी ७० लिटर धरतात, हे लक्षात ठेवायचं. पाईपलाईनमागचा हिशेब एक आणि फ्लॅटमधल्या बाथरूमचा हिशेब दुसरा असला की भांडण ठरलेलं. १३५ पैकी ४५ लिटर फ्लशमध्ये जातात. प्लॉटवर आधीपासून एक बोअर होता. त्याचं पाणी जड, साबणाला फेस येत नव्हता, पण फ्लशला चालणारं. मग ठरलं : फ्लशचे २,७०० लिटर बोअरकडे आणि अंघोळ, भांडी, कपडे, पिणं यांचे ५,४०० लिटर नळाकडे.

हे दोन आकडे थेट टाक्यांवर लिहून मोकळं होता येत नाही. गच्चीवरची टाकी किती मोठी हवी, ते ती किती वेळा भरता येईल यावर ठरतं. खाली पाणी आहे आणि वीज आहे तोवर ती सकाळ-संध्याकाळ भरता येते, तेव्हा अर्ध्या दिवसाची टाकीही पुरते. वीज जाते, म्हणून मी पूर्ण एक दिवस धरला. आतून २.४ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि पाण्याची खोली सव्वा मीटर : ५,४०० लिटर. तळाशी पाच सेंटिमीटर गाळासाठी सोडायचे, वर ओव्हरफ्लोसाठी पंचवीस. फ्लशची टाकी वेगळी, रुंदी निम्मी. दोघींमध्ये एकच भिंत ठेवा, सिमेंट वाचेल, असं गवंड्याने सुचवलं. मी नको म्हटलं. त्या भिंतीला पुढे केसाएवढी चीर गेली तर बोअरचं पाणी स्वयंपाकघरात पोचेल आणि कोणाला कळणारही नाही. दोन्ही टाक्या जिन्याच्या खांबांवर बसवल्या. वीस हजार लिटर म्हणजे वीस टन, हे मालकांना उसाच्या ट्रॉल्यांत सांगितल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि विषय सोडला.

साठा करायचा तो खाली, हौदात. सोलापूर शहरातच तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं हे जिल्ह्यातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं, म्हणून मी चार दिवसांचं अंतर धरलं. ५,४०० गुणिले चार, २१,६०० लिटर. हौद आतून चार मीटर बाय तीन, पाणी दोन मीटर, एकूण २४,०००. फूटव्हॉल्व्ह तळापासून पंधरा सेंटिमीटर वर राहतो, तेवढं १,८०० लिटर पंपाला ओढता येत नाही. उरले २२,२००. कागदावर गणित जुळलं.

मग आजींचा प्रश्न पुन्हा आठवला. जुन्या घराचा अर्धा इंची नळ अजून चालू होता. पाणी यायच्या दिवशी मी वीस लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. बादली भरायला साठ सेकंद लागले. पुन्हा भरली, पुन्हा तेवढेच. तासाला १,२०० लिटर. त्या दिवशी पाणी तीन तास टिकलं, म्हणजे ३,६००. हौदाला हवे होते २१,६००. सहापट.

असा हौद कितीही मोठा बांधा, भरणारच नाही. लोक चार दिवसांची टाकी बांधतात आणि ती पाऊण रिकामी राहते; दोष नळाला देतात, पण नळातून किती येईल ते बांधण्याआधी कोणी बादलीने पाहिलेलं नसतं. मोठ्या व्यासाच्या जोडणीचा अर्ज करायला मी सांगितलं, पण रस्त्यातल्या लाईनीचा दाबच कमी असेल तर मोठा पाईपसुद्धा रिकामा वाजतो. शेजारच्यांच्या वाट्याचं ओढणारी मोटर थेट लाईनीला लावायचा मार्ग होता. तो मी सांगत नाही. म्हणून हौदापासून रस्त्याच्या कडेपर्यंत टँकरची नळी जोडण्यासाठी झाकणाचा पाईप काढला आणि सोसायटीच्या खर्चात टँकर आधीच धरायला लावला. मालकांना हे आवडलं नाही. फ्लॅट विकायचे होते ना.

पंपाचं त्यामानाने लवकर आटोपलं. ५,४०० लिटर एका तासात वर न्यायचे म्हणजे मिनिटाला नव्वद. हौदाच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंत साडेअठरा मीटर, पाईपच्या घर्षणाचे साडेतीन, एकूण बावीस. दीड हॉर्सपॉवर पुरतो. दुकानदार तीन देईल, कारण मोठा पंप विकत घेतल्यावर कोणी तक्रार करायला येत नाही. येतं ते बिल. पंप दोन हवेत, एक चालायला आणि एक बिघाडाला.

आणि पंपरूम? मालकांनी जिन्याखालची जागा दाखवली, दीड मीटर बाय सव्वा. अशीच जागा मी फार पूर्वी एका इमारतीत मान्य केली होती. तिथे पंप जळाला तेव्हा प्लंबर आडवा होऊन आत शिरला, पान्हा फिरवायला हात उघडेना, आणि शेवटी पंप काढण्यासाठी भिंत फोडावी लागली. त्यात दाराचा उंबरा खालच्या पातळीवर, त्यामुळे हौद भरून वाहिला की पाणी थेट मोटरीत.

या वेळी मी नकाशा बाजूला ठेवला आणि खडू काढला. पार्किंगच्या फरशीवर पंपाचा चौथरा आखला, साठ सेंटिमीटर बाय पंचेचाळीस. बाजूला साठ सेंटिमीटर सोडून दुसरा. दोन्ही बाहेरच्या बाजूंना आणखी साठ-साठ. रुंदी झाली २.७ मीटर. मागच्या भिंतीपासून तीस, पंपाची लांबी साठ, समोर माणसाला नव्वद, पॅनेलला तीस : खोली २.१ मीटर. बोअरचा स्टार्टरही त्याच पॅनेलशेजारी. मग गवंड्याला म्हणालो, "इथे उकिडवं बसा, हातात पान्हा आहे असं समजा आणि मागचा बोल्ट सोडवा." तो बसला, कोपर फिरवला, मागे सरकला आणि त्याची पाठ समोरच्या खडूच्या रेषेला जेमतेम टेकली.

"बरोबर झालं की, साहेब," तो म्हणाला. मालक मात्र दोन दुचाक्यांची जागा गेली म्हणून रेषांकडे बघत उभे होते. मग त्यांनी चप्पल काढून चौथऱ्याच्या रेषेवर पाय ठेवला आणि विचारलं, "उंबरा किती उचलायचा?"

"पंधरा सेंटिमीटर," मी म्हणालो, "आणि फरशीचा उतार दाराकडे."